इंग्लिसच्या सूत्रातले १२४ आणि १०.४: मिती तपासून स्थिरांकांची एकके शोधणे

सह्याद्रीच्या पूर्व उतारावर एका लहान साठवण तलावाचा सांडवा आखायचा आहे. धरणाच्या जागेपर्यंतचे पाणलोट क्षेत्र २५ चौरस किलोमीटर आहे. सांडव्यावरून जास्तीत जास्त किती पाणी जाऊ द्यायचे, याचा पहिला अंदाज काढण्यासाठी हाताशी इंग्लिस या अभियंत्याचे सूत्र दिले आहे:

Q = १२४ A / √(A + १०.४)

Q म्हणजे पूरविसर्ग, A म्हणजे पाणलोट क्षेत्र. दुसऱ्या एका जुन्या टिपणात हेच सूत्र असे लिहिलेले सापडते:

Q = ७००० A / √(A + ४)

दोन्हींवर नाव इंग्लिसचेच आहे, पण दोन्हींत एककांचा उल्लेख नाही. कुठल्या सूत्रात क्षेत्रफळ कशात भरायचे? १२४ आणि १०.४ हे नुसते आकडे आहेत की त्यांना एकके आहेत? दोन्ही सूत्रे एकच आहेत का? या प्रश्नांची उत्तरे मिती तपासून मिळतात. त्यासाठी जलशास्त्र येण्याची गरज नाही, अकरावीच्या भौतिकशास्त्रातला एकच नियम पुरतो.

तो नियम असा: ज्या राशींची बेरीज किंवा वजाबाकी होते त्यांची मिती एकच असली पाहिजे, आणि बरोबरच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंची मितीही एकच असली पाहिजे. यालाच मितीय समांगता म्हणतात. मिती आणि एकक यांत मात्र फरक आहे. क्षेत्रफळाची मिती लांबीचा वर्ग, म्हणजे L². ते चौरस मीटरमध्ये सांगा, हेक्टरमध्ये सांगा किंवा चौरस मैलांत सांगा, मिती L² च राहते. म्हणून मिती जुळली की राशींचे प्रकार जुळले एवढेच कळते. एकके जुळली की नाहीत ते वेगळे पाहावे लागते, आणि या प्रकरणातला खरा धोका तिथेच आहे.

आधी एक सोपे सूत्र

पुराच्या सूत्राला हात घालण्यापूर्वी इंग्लिस आणि डिसूझा यांचे दुसरे सूत्र पाहू. त्यात वर्गमूळ नाही, त्यामुळे पद्धत उघड दिसते. पश्चिम भारतातल्या नद्यांच्या मोजणीवरून १९२९ मध्ये त्यांनी दख्खनच्या पठारासाठी वार्षिक पाऊस आणि त्यातून नदीला येणारे पाणी, म्हणजे येवा, यांचा संबंध दिला:

R = P (P − १७.८) / २५४

P हा पाऊस आणि R हा येवा. दोन्ही पाण्याची खोली म्हणून मोजतात, म्हणून दोघांची मिती L. कंसात P मधून १७.८ वजा होतात. पावसाच्या खोलीतून खोलीच वजा होऊ शकते, म्हणून १७.८ ची मिती L. वजाबाकीचे उत्तरही L. आता अंशात P गुणिले कंस म्हणजे L गुणिले L, म्हणजे L². डाव्या बाजूला मात्र L आहे. L² चे L व्हायचे असेल तर छेदातल्या २५४ ची मिती L असलीच पाहिजे. म्हणजे दोन्ही आकडे लांब्या आहेत. नुसते आकडे म्हणून ते सूत्रात बसूच शकत नाहीत.

एकक कोणते? हे सूत्र सेंटिमीटरसाठी दिलेले आहे, म्हणून १७.८ सेंटिमीटर आणि २५४ सेंटिमीटर. २५४ हा आकडा ओळखीचा वाटेल. एक इंच २.५४ सेंटिमीटर, म्हणजे २५४ सेंटिमीटर बरोबर १०० इंच. १७.८ सेंटिमीटर म्हणजे ७ इंच. इंचांतले सूत्र P(P − ७)/१०० इतके सुटसुटीत होते. सेंटिमीटरमध्ये आणताना ते अवघड दिसू लागले.

आता पाऊस ७५ सेंटिमीटर घ्या: ७५ × ५७.२ / २५४ म्हणजे सुमारे १६.९ सेंटिमीटर येवा. पावसाची नोंद बहुतेक वेळा मिलिमीटरमध्ये असते. म्हणून कुणी सरळ ७५० भरले, तर उत्तर २१६२ येते. मिलिमीटरमध्ये वाचले तर पडलेल्या पावसाच्या जवळजवळ तिप्पट पाणी नदीत आले, असा त्याचा अर्थ होतो. मिलिमीटरच वापरायचे असतील तर स्थिरांकही मिलिमीटरमध्ये न्यावे लागतात: १७८ आणि २५४०. मग ७५० × ५७२ / २५४० पुन्हा १६९ मिलिमीटर देते.

इथे चूक लगेच दिसते, कारण येवा पावसापेक्षा जास्त असूच शकत नाही. पुराच्या सूत्राला अशी सोयीची मर्यादा नाही.

पूरविसर्गाच्या सूत्राची तपासणी

पुन्हा मूळ सूत्र घेऊ, पण आकड्यांच्या जागी अक्षरे ठेवू. नवशिक्याने ही सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी. आकडा दिसला की मन त्याला शुद्ध संख्या समजते. अक्षर दिसले की त्याची मिती विचारावीशी वाटते.

Q = C A / √(A + A₀)

विसर्ग म्हणजे एका सेकंदात वाहणारे आकारमान, लांबीचा घन भागिले वेळ, म्हणून Q ची मिती L³T⁻¹. A ची मिती L².

सुरुवात नेहमी आतल्या बेरजेपासून करावी. वर्गमुळाच्या आत A मध्ये A₀ मिळवले आहे, म्हणून A₀ ची मिती L². म्हणजे १०.४ हे क्षेत्रफळ आहे, आणि A ज्या एककात असेल त्याच एककातले. बेरीजही L². तिचे वर्गमूळ घेतले की घातांक निम्मा होतो: L² चे L. नवशिक्यांचा हात इथेच सर्वांत जास्त घसरतो. वर्गमूळ आकड्याचे घेतले जाते आणि एककाचे राहून जाते. चौरस किलोमीटरचे वर्गमूळ किलोमीटर, चौरस मैलाचे मैल.

आता A भागिले वर्गमूळ म्हणजे L² भागिले L, म्हणजे L. उजवी बाजू C गुणिले L झाली. डावी बाजू L³T⁻¹ आहे. म्हणून

C ची मिती = L³T⁻¹ / L = L²T⁻¹

पहिल्या सूत्रात Q घनमीटर प्रति सेकंद आणि A चौरस किलोमीटर असेल, तर C = १२४ घनमीटर प्रति सेकंद प्रति किलोमीटर. दुसऱ्यात Q क्युसेक, म्हणजे घनफूट प्रति सेकंद, आणि A चौरस मैल असेल, तर C = ७००० क्युसेक प्रति मैल. प्रति चौरस मैल नव्हे. या फरकाचा परिणाम थोड्याच वेळात दिसेल.

एक गोष्ट इथे स्पष्ट समजून घ्यावी. C ला कोणतीही मिती घ्यायची मोकळीक असेल, तर जवळजवळ कुठलेही सूत्र मितीय दृष्ट्या जुळवता येते. तेव्हा सूत्र समांग निघाले म्हणून ते निसर्गाशी जुळते, असे सिद्ध होत नाही. अशा प्रायोगिक सूत्रांत मिती तपासण्याचा खरा उपयोग स्थिरांकांची एकके ठरवण्यासाठी आहे. मात्र A आणि A₀ यांच्या बेरजेत अशी मोकळीक नाही. तिथे A₀ ला क्षेत्रफळ व्हावेच लागते.

दोन्ही सूत्रे एकच आहेत का?

एकके कळली की हा प्रश्न नुसत्या गुणाकाराचा उरतो. एक मैल १.६०९३४ किलोमीटर, म्हणून एक चौरस मैल २.५९० चौरस किलोमीटर. एक घनफूट ०.०२८३१७ घनमीटर.

A₀ पासून सुरुवात करू. ४ चौरस मैल म्हणजे ४ × २.५९० = १०.३६ चौरस किलोमीटर. पूर्णांकन केले की १०.४. जुळले.

आता C. ७००० क्युसेक म्हणजे ७००० × ०.०२८३१७ = १९८.२ घनमीटर प्रति सेकंद. हे प्रति मैल आहे. प्रति किलोमीटर हवे असेल तर १.६०९३४ ने भागायचे: १२३.२.

उत्तर १२४ नव्हे, १२३.२ आले. म्हणूनच काही ठिकाणी हे सूत्र १२३ ने छापलेले दिसते आणि काही ठिकाणी १२४ ने. फरक पाऊण टक्क्याहून कमी आहे आणि पुराच्या अंदाजात तो नगण्य आहे. मात्र मिती तपासून हा फरक कधीच सापडला नसता, कारण १२३ आणि १२४ यांची मिती सारखीच आहे. तो सापडला प्रत्यक्ष रूपांतर केल्यामुळे.

आता आपले २५ चौरस किलोमीटर दोन्हींत भरून पाहू. मेट्रिक सूत्रात १२४ × २५ / √३५.४ म्हणजे ३१०० / ५.९५, उत्तर ५२१ घनमीटर प्रति सेकंद. जुन्या सूत्रासाठी क्षेत्र ९.६५ चौरस मैल; ७००० × ९.६५ / √१३.६५ म्हणजे सुमारे १८,२९० क्युसेक, म्हणजे ५१८ घनमीटर प्रति सेकंद. ५२१ आणि ५१८ यांतला फरक त्याच १२४ आणि १२३.२ चा आहे.

कुठे चुकते आणि ते कसे ओळखायचे

याच पाणलोट क्षेत्रावर नेहमीच्या चुका करून पाहिल्या तर दोन प्रकार दिसतात. काही चुका उघड्या पडतात, काही पडत नाहीत.

क्षेत्र हेक्टरमध्ये भरले, म्हणजे २५ ऐवजी २५००, तर उत्तर ६१८७ येते. हा आकडा मोठा आहे, पण पुराची सवय नसलेल्या माणसाला तो अशक्य आहे हे कसे कळणार? त्यासाठी Q ला A ने भागावे. L³T⁻¹ भागिले L² म्हणजे LT⁻¹, वेगाची मिती. ही खोली प्रति वेळ आहे, म्हणजे पावसाच्या तीव्रतेसारखी राशी. ६१८७ ला ३६०० ने गुणून आणि २५,०००,००० चौरस मीटरने भागून ताशी ०.८९ मीटर, म्हणजे ताशी ८९० मिलिमीटर मिळतात. संपूर्ण पाणलोटावर ताशी ८९० मिलिमीटर पाऊस पडून तो सगळा वाहून यावा, हे शक्य नाही. बरोबर उत्तरासाठी, म्हणजे ५२१ साठी, हाच हिशेब ताशी ७५ मिलिमीटर देतो. घाटात अतिवृष्टीच्या तासात असा पाऊस पडू शकतो. पूरविसर्गाचा कोणताही आकडा हाती आला की हा भागाकार करून पाहावा. त्याला अर्धा मिनिट लागतो.

आता न दिसणाऱ्या चुका. क्षेत्र नकाशावरून चौरस मैलांत काढले, ९.६५, आणि ते १२४ च्या सूत्रात भरले, तर उत्तर २६७ घनमीटर प्रति सेकंद येते. ताशी पावसात ते ३८ मिलिमीटर. अगदी पटण्यासारखे, आणि खऱ्या उत्तराच्या निम्मे. उलट ७००० आणि ४ च्या सूत्रात २५ चौरस किलोमीटर भरले, तर सुमारे ३२,५०० क्युसेक, म्हणजे ९२० घनमीटर प्रति सेकंद. तेही ताशी १३२ मिलिमीटर. खूप आहे, पण घाटात अशक्य म्हणता येणार नाही. पावसाची कसोटी इथे कामी येत नाही. सूत्राशेजारी एकके लिहिलेली असणे हाच इथे इलाज आहे.

सर्वांत घातक चूक वर्गमुळाची. समजा कुणी C चे एकक चुकून क्युसेक प्रति चौरस मैल धरले आणि रूपांतर करताना १.६०९ ऐवजी २.५९० ने भागले. मग C ७६.५ येतो. सूत्र दिसायला नीटनेटके राहते, A₀ सुद्धा बरोबर १०.४ असतो, आणि २५ चौरस किलोमीटरला उत्तर ३२१ घनमीटर प्रति सेकंद मिळते. खऱ्यापेक्षा अडतीस टक्के कमी. मातीच्या धरणाचा सांडवा एवढा अपुरा ठेवला तर पाणी धरणाच्या माथ्यावरून जाण्याचा धोका उभा राहतो, आणि मातीचे धरण माथ्यावरून पाणी गेल्यावर तग धरत नाही. ही चूक मात्र मितीने नेमकी पकडता येते: क्युसेक प्रति चौरस मैल म्हणजे LT⁻¹, आणि आपण काढले आहे की C ला L²T⁻¹ च हवे. रूपांतर करण्याआधी ही एक ओळ लिहिली असती तर चूक तिथेच थांबली असती.

शेवटची चूक अर्धवट रूपांतराची. C बदलून १२३.२ केला, पण वर्गमुळाच्या आतला ४ तसाच राहिला, कारण तो “नुसता आकडा” वाटला. २५ चौरस किलोमीटरला तेव्हा ५७२ येतात, फक्त दहा टक्के जास्त. पण ३ चौरस किलोमीटरच्या ओढ्याला १०१ ऐवजी १४० येतात, सुमारे अडतीस टक्के जास्त. पाणलोट जितके लहान तितका A₀ चा वाटा मोठा, म्हणून तितकी चूक मोठी. मोठ्या नदीवर तपासलेले सूत्र बरोबर वाटावे आणि लहान मोरीवर चुकावे, यामागे अनेकदा असा आतला, न बदललेला स्थिरांक असतो.

स्थिरांकांचा अर्थ

एकके लागली की स्थिरांक बोलू लागतात. A₀ हे क्षेत्रफळ असल्यामुळे A ची त्याच्याशी तुलना करता येते. A जर १०.४ चौरस किलोमीटरपेक्षा खूप लहान असेल, तर बेरजेत A नगण्य होतो आणि Q ≈ (C/√A₀) A उरते. C/√A₀ ची मिती L²T⁻¹ भागिले L, म्हणजे LT⁻¹, पुन्हा पावसाचीच मिती. आकडा: १२४ / √१०.४ = ३८.४५ घनमीटर प्रति सेकंद प्रति चौरस किलोमीटर, म्हणजे ताशी १३८ मिलिमीटर. लहान पाणलोटावर हे सूत्र जणू म्हणते की ताशी १३८ मिलिमीटर पाऊस सगळ्या क्षेत्रावर एकाच वेळी पडतो आणि सगळा वाहून येतो.

A खूप मोठा असेल, तर A₀ नगण्य होतो आणि Q ≈ C√A. मोठ्या खोऱ्यात सगळीकडे एकाच वेळी तेवढा पाऊस पडत नाही आणि पाणी पोहोचायलाही वेळ लागतो, म्हणून विसर्ग क्षेत्राच्या प्रमाणात न वाढता वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. या दोन वागणुकींमधला बदल ज्या आकाराच्या आसपास होतो, तो आकार १०.४ चौरस किलोमीटर. त्याला शुद्ध संख्या मानले असते तर हा अर्थ हाती आलाच नसता.

मिती आणखी एक गोष्ट सांगते. C आणि A₀ मध्ये गुरुत्वत्वरण, पाण्याची श्यानता किंवा जमिनीचा उतार यांपैकी काहीही उघडपणे आलेले नाही. ते सगळे एका प्रदेशाच्या नोंदींतून या दोन आकड्यांत मिसळले गेले आहे. म्हणून हे स्थिरांक पश्चिम घाटाचे आहेत. विदर्भाच्या सपाट खोऱ्यात तेच आकडे वापरले तर मिती जुळेल, एकके जुळतील, आणि तरीही उत्तर चुकेल.

सूत्र लिहिण्याची रीत

हिशेबाच्या कागदावर सूत्र असे लिहावे:

Q = १२४ A / √(A + १०.४), Q घनमीटर प्रति सेकंद, A चौरस किलोमीटर, १२४ घनमीटर प्रति सेकंद प्रति किलोमीटर, १०.४ चौरस किलोमीटर.

ज्यांना मीटरच वापरायचे आहेत त्यांनी पूर्ण रूपांतर करावे. १२४ घनमीटर प्रति सेकंद प्रति किलोमीटर म्हणजे ०.१२४ चौरस मीटर प्रति सेकंद, १०.४ चौरस किलोमीटर म्हणजे १०,४००,००० चौरस मीटर. मग A = २५,०००,००० चौरस मीटर भरले तरी ०.१२४ × २५,०००,००० / ५९५० पुन्हा ५२१ देते. रूपांतर बरोबर झाले की नाही याची हीच परीक्षा: जुन्या आणि नव्या रूपात एकच उदाहरण सोडवा, आणि शक्यतो A₀ च्या आसपासचे क्षेत्र घ्या. फार मोठे क्षेत्र घेतले तर A₀ मधली चूक लपून जाते.

हीच पद्धत पूरविसर्गाच्याच दुसऱ्या एका सूत्रावर, डिकन्सच्या सूत्रावर, चालवून पाहता येईल: Q = C A^(३/४). A^(३/४) ची मिती L^(३/२), म्हणून C ची मिती L^(३/२) T⁻¹. क्युसेक आणि चौरस मैलांत C चा मूळ आकडा ८२५ आहे. मेट्रिकमध्ये नेताना ०.०२८३१७ ने गुणायचे आणि २.५९० च्या पाऊण घाताने, म्हणजे २.०४ ने भागायचे, सुमारे ११.४ येतात. डिकन्सचा ११.४ आणि इंग्लिसचा १२४ शेजारी ठेवून “हा स्थिरांक त्याच्यापेक्षा अकरा पट मोठा” असे म्हणता येत नाही. एकाची मिती L^(३/२) T⁻¹ आहे, दुसऱ्याची L²T⁻¹. तुलना करायचीच असेल तर ती दोन्ही सूत्रांतून एकाच पाणलोटासाठी निघणाऱ्या Q ची करावी.